गळ्याची तक्रार आणि मानेचे ओझे

गळ्याशी काहीतरी अडकले आहे, कोणी बोटांनी हलकेच आवळून धरले आहे, असे वाटू लागले म्हणजे माणूस प्रथम आरशासमोर उभा राहून घसा पाहतो. घसा लाल नसतो, अंगात ताप नसतो. तरीही ती जाणीव जात नाही, आणि मनात नको त्या शंका घर करू लागतात. अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा घशात नसून मानेच्या स्नायूंत असते.

बंगळुरातील एका संगणक-अभियंत्याचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. मूळचा सांगलीचा हा तरुण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा व्हाइटफील्डमधील कचेरी सोडून भाड्याच्या खोलीत कामाला बसला. कचेरीत डोळ्यांसमोर मोठा पडदा होता. घरी जेवणाचे टेबल आणि त्यावर लॅपटॉप. दिवसाचे दहा तास तो त्यावर वाकून बसे. तिसऱ्या महिन्यात कानामागून गळ्यापर्यंत ठणका लागू लागला. संध्याकाळी गळा आवळल्यासारखा होई, रविवारी तो त्रास उणावे. विशेष म्हणजे नुसता आवंढा गिळताना अडथळा जाणवे, पण इडली खाताना मात्र जाणवत नसे.

असे का व्हावे? लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. हातांना सोयीचे ठेवावे तर पडदा खाली जातो, आणि डोळे त्याच्यामागे मस्तकाला पुढे ओढतात. मस्तकाचे वजन सुमारे ५ किलो. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिताने असे मांडले, की मान ६० अंशांनी वाकली असता मानेच्या कण्यावरील भार सुमारे २७ किलोंपर्यंत जातो. हा प्रत्यक्ष माणसांवर मोजलेला आकडा नव्हे. तरी भार कोणत्या दिशेने वाढतो, हे त्यावरून कळते. शिवाय मान वाकते एवढ्यानेच बिघडत नाही. ती तासन्‌तास न हलता तशीच राहते, यानेच स्नायू अधिक थकतात.

आता हा थकवा गळ्यापर्यंत कसा येतो ते पाहू. हनुवटीखाली घोड्याच्या नालेच्या आकाराचे एक लहानसे हाड असते. त्याला कंठास्थी म्हणतात. ते दुसऱ्या कोणत्याही हाडाला सांध्याने जोडलेले नाही. झोळीसारखे ते स्नायूंवर टांगलेले असते. त्यांतला एक स्नायू तर थेट खांद्याच्या फऱ्यापर्यंत जातो. मस्तक पुढे आले, खांदे गोलावले, की या दोऱ्यांचा समतोल बिघडतो, आणि गिळताना वर-खाली सरकणाऱ्या कंठास्थीला ताण जाणवतो. कानामागून छातीच्या हाडापर्यंत उतरणाऱ्या जाड स्नायूत गाठ बसली, तर तिची वेदनाही गळ्यात उमटू शकते. मग माणूस वारंवार खाकरतो, आवंढे गिळतो, आणि तेच स्नायू आणखी थकवतो.

परंतु हे निदान घरबसल्या स्वतःच करू नये. आम्लपित्त घशाशी येणे, थायरॉइड ग्रंथी वाढणे, यांनीही अशीच जाणीव होते. म्हणून त्या तरुणाने प्रथम कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, हेच योग्य. घास अडकू लागला, तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसला, मानेत गाठ लागली, वजन घटू लागले किंवा थुंकीतून रक्त आले, तर विलंब करू नये. चालताना गळा व छाती आवळून दम लागत असेल, तर हृदयाची तपासणी त्वरित हवी.

तपासणीत काही आढळले नाही, म्हणजे उपाय टेबलापासूनच सुरू होतो. लॅपटॉपखाली पुस्तकांची चळत रचून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी आणि कळफलक व माऊस वेगळे जोडावेत. नुसता पडदा उंचावला आणि हात वर उचलूनच टंकलेखन चालू ठेवले, तर मानेचा ताण खांद्यावर जातो, एवढेच. कोपर काटकोनात व अंगालगत राहावे. दर अर्ध्या तासाने उठावे. नजर समोर ठेवून हनुवटी हलकेच मागे घ्यावी, पाच सेकंद धरावी व सोडावी. असे दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा करावे. हाताला मुंग्या आल्या किंवा बळ कमी वाटले, तर हा व्यायाम थांबवून डॉक्टरांना विचारावे. खाकरण्याची ऊर्मी आली, की पाण्याचा घोट घ्यावा.

महिन्यांनी जडलेला ताण दोन दिवसांत उतरत नाही. त्याला काही आठवडे लागतात. तोवर त्रासाची वेळ रोज वहीत टिपून ठेवावी. कामाच्या तासांबरोबर तो चढत-उतरत असेल आणि आसन सुधारल्यावर ओसरत असेल, तर मूळ मानेत असल्याची खूण पटते. तसे न घडले, तर तीच वही पुन्हा डॉक्टरांपुढे ठेवावी.