परडीतलं धन: पाणी घटाचं, उजेड जागेचा

घटस्थापनेला परडीत माती घालून धान्य पेरायचं आणि दसऱ्याला वीतभर उंच धन उपटून देवाला वाहायचं, हे घरोघरी चालतं. पण एकाच गल्लीत एका घरी ते दाट येतं आणि दुसऱ्या घरी चौथ्या दिवशी कुजका वास सुटतो. फरक बहुतेक वेळा पाण्याचा असतो, आणि पाण्याचा फरक घटाचा असतो.

मधोमध ठेवलेलं मातीचं सुगड पाण्याने भरलेलं असतं. कच्च्या रंगाच्या, चकाकी नसलेल्या मातीतून ते पाणी हळूहळू पाझरतं आणि भोवतालची माती ओलसर ठेवतं. म्हणजे घट हीच परडीची पाण्याची सोय. तैलरंगाने रंगवलेल्या घटाची छिद्रं बुजतात, तांब्याचा कलश तर पाझरतच नाही. असा घट असेल तर पाणी हाताने द्यावं लागतं, आणि बहुतेकांचा हात तिथे सैल सुटतो.

एक फूट रुंदीची बांबूची परडी घेतली असं धरू. खाली पत्रावळ, तिच्यावर दोन बोटं जाडीची शेतातली काळी माती. ढेकळं फोडून, चाळून घेतलेली. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुकली की फुटते, म्हणून तीत चौथा हिस्सा वाळू मिसळावी. ताजं शेण घालू नये, बुरशी तिथूनच येते. गहू, मका आणि हरभरा आदल्या रात्री भिजत घालावेत. सकाळी निथळून पेरावेत. ज्वारी, बाजरी, मूग भिजवले नाहीत तरी चालतात. एवढ्या परडीला सगळं धान्य मिळून दोन मुठी पुरे. दाणे एकमेकांवर चढले की खालचे गुदमरून कुजतात. वर नखभर जाडीची माती भुरभुरावी.

गहू घटाजवळ पेरावा, हरभरा कडेला. हरभरा जास्त ओलीत सगळ्यांत आधी कुजतो आणि कडेची माती घटाजवळच्या मातीपेक्षा कोरडी असते. डाळी, भाजलेले तीळ, सोललेली जव उगवत नाहीत. बियाण्याच्या दुकानातला रंग लावलेला दाणा मात्र घरात आणूच नये, त्यावर औषध असतं.

पहिल्या दिवशी माती चांगली भिजवावी, पण परडीखालून पाणी ठिबकू नये. पुढे रोज सकाळी बोट टेकवून पाहावं. बोटाला ओल लागली, माती चिकटली नाही, तर त्या दिवशी काही करायचं नाही. कोरडं वाटलं तर हाताने शिंपडावं. घटातलं पाणी उतरलं की तेवढंच भरावं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुगाला आणि गव्हाला पांढरे कोंब दिसतात. याच सुमारास मुळांभोवती पांढरी लव दिसली की अनेकजण घाबरतात. थोडं पाणी शिंपडून पाहावं. लव मुळाला चिकटून बसली तर ती मुळांचे केस आहेत, रोप निरोगी आहे. दाण्यावर आणि मातीवर कोळिष्टकासारखं जाळं पसरलं असेल, वासही येत असेल, तर ती बुरशी. तेवढे दाणे काढून टाकावेत, पाणी एक दिवस थांबवावं आणि खोलीची खिडकी उघडी ठेवावी.

आता उजेड. अंधाऱ्या देवघरात कोंब उंच, नाजूक आणि पिवळे होतात, कारण उजेड नसला की पानात हिरवा रंग तयार होत नाही आणि रोप उजेडाच्या शोधात ताणत जातं. दाण्यात साठवलेल्या अन्नावर ते नऊ-दहा दिवस सहज काढतं. अनेक घरांत हाच सोनेरी पिवळा रंग शुभ मानतात, त्यामुळे अंधार हा दोष नाही. हिरवं, ठेंगणं, ताठ धन हवं असेल तर खिडकीचा उजेड लागतो, कडक ऊन नव्हे. नंदादीपाच्या उजेडाने रंग येत नाही. उलट दिवा अगदी शेजारी असेल तर त्या बाजूची माती सुकते, म्हणून वीतभर अंतर ठेवावं. एकाच बाजूने उजेड आला की सगळं धन तिकडे वाकतं. घट मांडल्यावर तो हलवायचा नसतो, म्हणून परडी फिरवून ते सरळ करता येत नाही. जागा पहिल्याच दिवशी विचार करून ठरवावी लागते.

सहाव्या दिवशी गहू बोटभर असतो, नवव्या दिवशी वीतभर होतो. मका मागून येतो, पण जाड येतो. तिथीची वाढ झाली तर आणखी एक दिवस मिळतो. 2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला आणि दसरा 2 ऑक्टोबरला होता. तिथीचा क्षय असेल तर एक दिवस कमी पडतो. त्या वर्षी भिजवलेलंच धान्य पेरावं.

सुगड विकत आणलं की घटस्थापनेच्या दोन दिवस आधी ते पाण्याने भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा. सकाळी बाहेरून ओल हाताला लागली तर घट चांगला. हात कोरडाच राहिला तर दुसरं आणा, बाजार अजून उघडा असतो.