महिन्याची त्रेचाळीस मिनिटं

‘सर्व्हर डाउन आहे, जेवणानंतर या,’ हे काउंटरवर ऐकलं नाही असा माणूस विरळा. आपण चडफडत घरी जातो. सर्व्हर सांभाळणारे मात्र ती वेळ लिहून ठेवतात: बंद कधी पडला, पुन्हा चालू कधी झाला, कशामुळे पडला. महिनाअखेरीला या नोंदींवरून दोन हिशेब होतात. सेवा किती टक्के वेळ चालू होती, हा अपटाइमचा. आणि बंद पडण्याची जी मुभा होती तिच्यातली किती उरली, हा एरर बजेटचा.

मुभा कसली? तर कोणतीही सेवा शंभर टक्के वेळ चालू राहत नाही, हे आधीच मान्य करून टाकलेलं असतं. ही पद्धत गुगलच्या अभियंत्यांनी 2016 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातून सर्वदूर नेली. एरर बजेट म्हणजे नोकरदाराच्या किरकोळ रजेसारखं समजा: ठरलेल्या रजा घेतल्या तर कोणी जाब विचारत नाही, पण त्या संपल्या की विचारतात.

वीजबिल भरायची एक ऑनलाइन सेवा कल्पनेत घेऊ. तिचं उद्दिष्ट 99.9 टक्के. जून महिना 30 दिवसांचा, म्हणजे 43,200 मिनिटं. त्याचा 0.1 टक्का म्हणजे 43.2 मिनिटं, एवढंच बजेट. जुलैत एक दिवस जास्त, म्हणून तेव्हा ते 44.64 होईल.

आता जूनच्या नोंदी पाहू. 4 तारखेला सकाळी 10:12 ते 10:26 डेटाबेसची डिस्क भरल्यामुळे सेवा बंद: 14 मिनिटं. 11 तारखेला पहाटे 6 मिनिटं. 19 तारखेला दोन नोंदी आहेत. दुपारी 2:05 ते 2:19 पेमेंट बंद, आणि 2:11 ते 2:25 लॉगिन बंद. प्रत्येकी 14.

सरळ बेरीज केली तर 48 मिनिटं, म्हणजे बजेट ओलांडलं. पण 19 तारखेची वेळ नीट पाहा. 2:11 ते 2:19 ही आठ मिनिटं दोन्ही नोंदींत आहेत. पेमेंट असो वा लॉगिन, एक जरी बंद असलं तरी बिल भरता येत नाही. दोन्ही बंद म्हणून ग्राहकाची वेळ दुप्पट जात नाही. म्हणून त्या दुपारचा खर्च 2:05 ते 2:25, म्हणजे 20 मिनिटं धरायचा. महिन्याची बेरीज 40. उरलेली 43,160 मिनिटं भागिले 43,200, गुणिले शंभर: अपटाइम 99.907 टक्के. बजेटची 3.2 मिनिटं शिल्लक. उद्दिष्ट गाठलं.

गाठलं का? 4 तारखेच्या नोंदीत 10:12 ही वेळ आली कुठून, हे कोणीतरी विचारायला हवं. बहुतेक वेळा ती अलार्म वाजल्याची वेळ असते. सर्व्हरचा लॉग उघडला आणि पहिली विनंती 10:07 लाच फसलेली दिसली, तर ग्राहकाचे हाल तेव्हापासूनच सुरू झाले होते. पाच मिनिटं वाढली, बेरीज 45 झाली, अपटाइम 99.896 वर आला आणि बजेट 1.8 मिनिटांनी उणे गेलं. गंमत अशी की अहवालात एकच दशांश स्थळ ठेवलं, तर हाच आकडा 99.9 म्हणून छापला जातो. नापास झालेला महिना कागदावर पास! असं गोल करणं ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे, मग ती नकळत झालेली का असेना.

मिनिटं मोजण्याची एक मर्यादा या पद्धतीतच आहे. पहाटेची सहा मिनिटं आणि बिल भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारची सहा मिनिटं तिच्या लेखी सारखीच. म्हणून मोठ्या सेवा वेळेऐवजी विनंत्या मोजतात. महिन्यात दहा लाख विनंत्या आल्या, तर 99.9 च्या हिशेबाने एक हजार फसलेल्या चालतात. गर्दीच्या वेळची बिघाडाची काही मिनिटंच तेवढा कोटा संपवू शकतात, पहाटेची कदाचित नाही.

बजेट उणे गेलं की दंड नसतो, कामाचा क्रम बदलतो. नव्या सुविधा थांबतात, फक्त दुरुस्ती आणि सुरक्षेचे बदल चढवले जातात. इथेही एक पळवाट आहे. हिशेब कॅलेंडरच्या महिन्याचा असला, तर 1 जुलैला पाटी कोरी होते आणि थांबवलेली सगळी कामं त्याच दिवशी चढतात. त्यावर उपाय म्हणून कित्येक ठिकाणी कायम मागचे 28 किंवा 30 दिवस मोजतात. मग 19 जूनची ती 20 मिनिटं जुलैच्या मध्यापर्यंत तरी खात्यावर राहतात.

तुमच्या दुकानासाठी किंवा संस्थेसाठी अशी सेवा विकत घेत असाल, तर करारातल्या 99.9 वर समाधान मानू नका. सुरुवातीची वेळ कोणती धरता, पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल बंद वेळेत मोजता की वगळता, हे लेखी मागून घ्या.