तिसरी प्रत कशासाठी?

समजा, इंटरनेट अर्काइव्हवरून डाउनलोड केलेले जुने चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे मिळून तुमचा 3 टेराबाइटचा संग्रह झाला आहे. डिस्क गेली तर पुन्हा उतरवू, असे वाटते. पण 50 एमबीपीएसच्या जोडणीवर त्याला सलग साडेपाच दिवस लागतात. शिवाय तोवर मूळ ठिकाणाहून काही फाइल काढूनही टाकलेल्या असतात.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम इथे उपयोगी पडतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. एवढ्या मोठ्या संग्रहासाठी घरी दोन प्रकारची साधने ठेवणे अवघड असते. म्हणून निदान वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या 4 टेराबाइटच्या तीन एक्स्टर्नल डिस्क घ्याव्यात. पहिली रोजच्या वापराची. दुसरी कपाटात, कॉपी करण्यापुरतीच जोडायची. कायम जोडून ठेवली तर व्हायरस किंवा विजेचा झटका दोन्ही डिस्कना एकदमच गाठतो. तिसरी नातेवाइकांच्या घरी.

कॉपी करण्यासाठी FreeFileSync हे मोफत साधन चांगले. त्यात Mirror आणि Update असे पर्याय दिसतात. Mirror निवडले, तर पहिल्या डिस्कवर चुकून पुसलेला फोल्डर दुसरीवरूनही काढला जातो. Update नवे आणि बदललेले तेवढे नेते, पुसत काही नाही. संग्रहासाठी हाच पर्याय बरा.

पण डिस्क पूर्ण बंद पडली तर निदान कळते तरी. एखाद्या फाइलमधले काही बाइट नकळत बिघडले, तर तिचा आकार आणि तारीख पूर्वीसारखीच राहते. साधने एरवी एवढेच पाहतात, त्यामुळे बिघाड सुटून जातो. म्हणून वर्षातून एकदा तुलना File content या पर्यायाने करावी. प्रत्येक बाइट वाचला जात असल्याने, सेकंदाला 100 मेगाबाइटच्या वेगाने, 3 टेराबाइटला आठ-साडेआठ तास लागतात. रात्री लावून ठेवावे.

सकाळी एक ध्वनिमुद्रण दोन डिस्कवर वेगळे दिसले, तर लगेच Synchronize दाबू नका. पहिल्या डिस्कवरची फाइलच बिघडलेली असली, तर ती दुसरीवरच्या चांगल्या फाइलची जागा घेईल. दोन प्रतींत खरी कोणती, हे त्या दोघींवरून ठरत नाही. तिसरी आणून ताडून पाहा. ती ज्या प्रतीशी जुळेल, ती जवळजवळ नक्कीच शाबूत. अर्काइव्हच्या फाइलला आणखी एक साक्ष मिळते: प्रत्येक संचासोबत `_files.xml` ने संपणारी यादी असते, तिच्यात फाइलचा md5 आकडा दिलेला असतो. डाउनलोड करतानाच ही यादीही उतरवून घ्या, म्हणजे मूळ पान नाहीसे झाल्यावरही तपासणी करता येते.