जपानी पडदा: भाषा बदलावी की युनिट?

न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या गाड्या भरपूर. त्यांच्या पडद्यावर आधी `設定` (सेटिंग) उघडावं आणि त्यात `言語`, म्हणजे भाषा, शोधावी. तिथे English दिसली तर काम झालं. पर्यायच नसेल, तर अनेकदा ती भाषा सॉफ्टवेअरमध्येच नसते. रीसेट करून ती येत नाही. अशा वेळी युनिट बदलणंच शहाणपणाचं. खर्च वाढतो, हा आक्षेप खरा. पण भाषा बदलूनही नकाशा जपानचाच राहतो आणि जपानी रेडिओ सहसा ९५ मेगाहर्ट्‌झच्या पुढची केंद्रं पकडत नाही, तर न्यूझीलंडमधली केंद्रं १०८पर्यंत पसरलेली. मात्र मागचा कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं नव्या युनिटला जुळतील का, हे खरेदीआधीच विचारावं.