पासवर्ड बरोबर, तरीही ई-मेल बंद!

जीमेलच्या खात्याला दुहेरी पडताळणी, म्हणजेच टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावले की दोन-चार मिनिटांतच एक चमत्कारिक अनुभव अनेकांना येतो. ब्राउझरमध्ये खाते व्यवस्थित उघडते. पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेल्या सूचनेला होकार दिला की पत्रांची यादी समोर हजर. मात्र त्याच संगणकावरील जुने आउटलुक तोच पासवर्ड नाकारते आणि पासवर्ड विचारणारी चौकट पुन्हा पुन्हा समोर आणते. पासवर्ड चुकला असावा म्हणून तो काळजीपूर्वक पुन्हा टाइप केला जातो. काही जण तर तो बदलूनही पाहतात. उपयोग शून्य. कारण पासवर्ड चुकलेलाच नसतो.

हे समजण्यासाठी ई-मेलच्या प्रोग्रामांचे सर्व्हरशी होणारे संभाषण कसे चालते ते पाहावे लागते. ई-मेल उतरवून घेण्याची ‘पॉप’ ही पद्धत १९८४ सालची, तर ‘आयमॅप’ ही मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आखलेली. त्या काळी खातेदाराची ओळख पटवण्याचा सरळ मार्ग म्हणजे नाव आणि पासवर्ड. प्रोग्रामने या दोन गोष्टी सांगायच्या आणि सर्व्हरने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे, एवढाच तो व्यवहार. गुगलने सर्वसामान्य खातेदारांसाठी फेब्रुवारी २०११ मध्ये दुहेरी पडताळणी आणली, तेव्हा या जुन्या संभाषणात एक अडचण उभी राहिली. पासवर्डनंतरचा दुसरा प्रश्न, म्हणजे ‘मोबाइलवरचा आकडा सांगा’, हा विचारायला तिथे जागाच नव्हती. शिवाय आउटलुकसारखा प्रोग्राम दर काही मिनिटांनी नवी पत्रे आली का ते आपणहून पाहत असतो. प्रत्येक वेळी मोबाइल हातात घेऊन होकार कोण देत बसणार?

म्हणून गुगलचा सर्व्हर अशा वेळी नेहमीचा पासवर्ड स्वीकारत नाही, तो अगदी अचूक असला तरीही. नकाराचे कारण तो सांगतो, पण पुष्कळ प्रोग्राम ते कारण खातेदारापर्यंत पोहोचूच देत नाहीत. जिथे ते दिसते, तिथे त्याचे शब्द असे असतात:

```
[ALERT] Application-specific password required
```

या ओळीतच उत्तर आहे. सर्व्हरला खात्याचा पासवर्ड नको, त्या प्रोग्रामसाठी म्हणून वेगळा तयार केलेला पासवर्ड हवा आहे. गुगल त्याला ‘अ‍ॅप पासवर्ड’ म्हणते. हा सोळा अक्षरांचा असतो. तो आपण ठरवायचा नसून गुगलच यदृच्छेने तयार करून देते. त्यात केवळ इंग्रजी लहान लिपीतील अक्षरे असतात. अंक किंवा चिन्हे नसतात. तरीही सव्वीस अक्षरांतून सोळा जागा भरायच्या म्हटले की शक्यतांची संख्या चारवर बावीस शून्ये यांच्याही पुढे जाते. त्यामुळे तो अंदाजाने ओळखण्याची भीती नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात एका सनदी लेखापालांचे छोटे कार्यालय आहे. कार्यालयाचा पत्रव्यवहार एका जीमेल खात्यावर चालतो. एका संगणकावर काही वर्षांपूर्वी विकत घेतलेले आउटलुक आहे आणि कोपऱ्यात भाड्याने आणलेले झेरॉक्सचे यंत्र आहे, जे कागद स्कॅन करून थेट ई-मेलने पाठवते. खात्याला दुहेरी पडताळणी लावताच दोन्ही बंद पडतात. आयकर विवरणपत्रांच्या दिवसांत हे घडले तर काय गोंधळ उडेल, ते सांगायला नको.

अशा वेळी ब्राउझरमध्ये त्याच खात्यातून myaccount.google.com/apppasswords हा पत्ता उघडावा. गुगल पुन्हा एकदा ओळख पटवून घेते. मग नाव लिहिण्यासाठी एक रकाना दिसतो. तिथे Outlook Office असे काही ओळखीचे नाव लिहून Create हे बटण दाबले की चार-चार अक्षरांच्या चार गटांत नवा पासवर्ड समोर येतो. तो एकदाच दिसतो. चौकट बंद केली की गुगलही तो पुन्हा दाखवत नाही. हरवला तर जुना काढून टाकून नवा घ्यावा लागतो. आता आउटलुकच्या खात्याच्या सेटिंगमध्ये जिथे नेहमीचा पासवर्ड होता, तिथे ही सोळा अक्षरे घालायची. खात्याचे नाव, imap.gmail.com हा सर्व्हर, 993 हा पोर्ट यांपैकी काहीही बदलायचे नाही.

झेरॉक्सच्या यंत्रासाठी याच रीतीने दुसरा, स्वतंत्र पासवर्ड घ्यावा. एकच पासवर्ड दोन्हीकडे चालतो, पण तसे करू नये. त्याचे कारण पुढे येईलच. यंत्र पत्रे फक्त पाठवते, म्हणून तिथे smtp.gmail.com हा सर्व्हर, 465 किंवा 587 हा पोर्ट, नावाच्या जागी पूर्ण ई-मेल पत्ता आणि पासवर्डच्या जागी नवी सोळा अक्षरे. गटांमधील मोकळ्या जागा केवळ वाचायला सोपे जावे म्हणून असतात. यंत्राच्या छोट्या पडद्यावर टाइप करताना त्या गाळाव्यात, कारण काही जुन्या यंत्रांत पासवर्डच्या रकान्याला लांबीची मर्यादा असते आणि मोकळ्या जागा धरल्या तर सोळाचे एकोणीस होतात. शिवाय एखादे अक्षर ‘एक’ या आकड्यासारखे दिसले तर ते निश्चितपणे एल आहे आणि शून्यासारखे दिसणारे ओ आहे, हे ध्यानात ठेवावे.

एवढे करूनही काम झाले नाही, तर नकाराचा मजकूर नीट वाचावा. वर दिलेली Application-specific password required ही ओळच पुन्हा दिसली, तर प्रोग्राम अजूनही जुना पासवर्ड पाठवत आहे. विंडोजच्या Credential Manager मध्ये जुना पासवर्ड साठून राहिल्याने असे होऊ शकते. तेथील नोंद पुसली की मार्ग मोकळा होतो. Username and Password not accepted असे दिसले, तर नवी अक्षरे टाइप करताना चूक झाली आहे किंवा तो पासवर्ड रद्द झाला आहे. आणि सर्व्हरशी संपर्कच होत नाही असे यंत्र म्हणत असेल, तर दोष पासवर्डचा नाही. पोर्ट किंवा एसएसएलची सेटिंग तपासावी.

‘रद्द झाला आहे’ हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण त्यातून नंतर बराच मनस्ताप होतो. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गुगल त्या खात्याचे सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द करते. वर्षभर बिनतक्रार चाललेले स्कॅनिंग एका सकाळी अचानक थांबते, यंत्र दुरुस्त करणारा बोलावला जातो, आणि आदल्या संध्याकाळी साहेबांनी घरून पासवर्ड बदलला होता हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

काहींना तो पत्ता उघडल्यावर The setting you are looking for is not available for your account असे वाक्य दिसते. दुहेरी पडताळणी चालूच झालेली नसेल, दुसरी पायरी म्हणून केवळ सिक्युरिटी की ठेवली असेल, खात्याला अ‍ॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन असेल किंवा खाते कंपनीने अथवा महाविद्यालयाने दिलेले असेल, तर ही सोय मिळत नाही. शेवटच्या प्रकारात संस्थेच्या संगणक विभागाकडेच विचारणा करावी लागते.

मग दुहेरी पडताळणीच बंद करून टाकू, असा विचार वैतागलेल्या माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण त्याने आता काहीच साधत नाही. पूर्वी ‘लेस सिक्युअर अ‍ॅप्स’ नावाचे एक बटण होते, ज्याने जुन्या प्रोग्रामांना साधा पासवर्ड चालत असे. वैयक्तिक खात्यांसाठी गुगलने ते ३० मे २०२२ पासून काढून घेतले. म्हणजे पडताळणी बंद केली तर खातेही उघडे पडते आणि आउटलुकही चालत नाही.

आता या पासवर्डच्या नावाविषयी. ‘विशिष्ट अ‍ॅपचा’ असे म्हटले तरी तो त्या अ‍ॅपशी बांधलेला नसतो. आपण दिलेले Outlook Office हे नाव फक्त आपल्या आठवणीसाठी असते. ती सोळा अक्षरे ज्याच्या हाती लागतील, तो जगाच्या पाठीवर कुठूनही, मोबाइलवरच्या होकाराशिवाय आपली पत्रे वाचू शकतो. अमेरिकेतील ड्युओ सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी २०१३ साली तर असे दाखवून दिले होते की, अशा एका पासवर्डच्या आधारे अँड्रॉइडमार्गे थेट खात्याच्या सेटिंगपर्यंत पोहोचता येते. गुगलने ती वाट त्याच वर्षी फेब्रुवारीत बुजवली. परंतु पत्रव्यवहाराचा दरवाजा अर्थातच या पासवर्डने उघडतोच, त्यासाठीच तो आहे.

याचा गैरफायदा कसा घेतला जातो, ते जून २०२५ मध्ये टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने उघड केले. रशियाविषयक घडामोडींचे ब्रिटिश अभ्यासक कीर जाइल्स यांना अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या नावाने सभ्य, घाई न करणारी पत्रे आली. सल्लामसलतीसाठी सरकारी यंत्रणेत प्रवेश मिळावा म्हणून अ‍ॅप पासवर्ड कसा तयार करायचा, याची सचित्र माहितीच त्यांना धाडण्यात आली आणि तयार झालेला पासवर्ड त्यांनी कळवावा, असे सुचवण्यात आले. त्यांनी तो कळवला. कोणतीही बनावट लॉगिनची चौकट नाही, विषाणू नाही. गुगलच्या खऱ्याखुऱ्या पानावर तयार झालेली खरी किल्ली हातोहात दुसऱ्याकडे गेली. हा पासवर्ड आपण आपल्या हाताने आपल्याच यंत्रात घालायचा असतो. फोनवर किंवा पत्रातून तो मागणारा माणूस मदतनीस असूच शकत नाही.

यामुळेच, ज्या प्रोग्रामात ‘गुगलने साइन इन करा’ असा पर्याय आहे, तिथे अ‍ॅप पासवर्ड घेऊच नये. थंडरबर्ड, आयफोनचे मेल आणि आउटलुकच्या नव्या आवृत्त्या गुगलचे स्वतःचे पान उघडतात, तिथे दुसरी पायरीही विचारली जाते आणि प्रोग्रामला पासवर्डऐवजी केवळ एक परवाना मिळतो. अ‍ॅप पासवर्ड हा त्या आधीच्या पिढीतील प्रोग्रामांसाठी आणि झेरॉक्सच्या यंत्रांसारख्या मुक्या उपकरणांसाठी. आणि ही सोय सगळीकडे आहे असेही नाही. अ‍ॅपलच्या आयक्लाउडवर ती आहे. मायक्रोसॉफ्टने मात्र आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलच्या खात्यांवर सप्टेंबर २०२४ पासून निव्वळ पासवर्डवर चालणारी जुनी पद्धतच बंद केली.

राहता राहिले ते दोन यंत्रांना दोन पासवर्ड घेण्याचे कारण. भाड्याचे झेरॉक्सचे यंत्र एक दिवस परत जाते, पण त्याच्या आत साठलेली सोळा अक्षरे कोणी पुसत नाही. यंत्र दाराबाहेर पडण्यापूर्वी त्याच पानावर जाऊन त्याच्या नावापुढील कचऱ्याच्या डब्याचे चिन्ह दाबले की तो पासवर्ड त्या क्षणी निकामी होतो. आउटलुकचा पासवर्ड वेगळा असल्याने तिकडची पत्रे येत राहतात.