घड्याळात बारा वाजले, पण मध्यान्ह झाली का? एका काठीची सावली देते उत्तर

दुपारचे बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, असं सहज म्हटलं जातं. पण पुण्यात २१ डिसेंबरला सावली सगळ्यात लहान होते ती साधारण १२ वाजून ३३ मिनिटांनी. तेव्हाही सूर्य डोक्यावर नसतो. एक मीटर उंच काठीची सावली त्या क्षणी सुमारे ९० सेंटिमीटर असते.

याचं एक कारण भारताची प्रमाणवेळ. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. एका रेखांशामागे चार मिनिटं या हिशोबाने पुण्याची मध्यान्ह सरासरी ३५ मिनिटं उशिरा होते. मुंबई आणि नागपूर यांच्या मध्यान्हीतच सुमारे २५ मिनिटांचा फरक आहे. त्यातच पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे ही वेळ वर्षभर पुढे-मागे होते. पुण्यात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ च्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२.४९ च्या आसपास असते.

मध्यान्ह शोधायची कशी?

सावली सर्वात लहान कधी होते ते बघत बसायचं, हा सोपा वाटणारा उपाय चालत नाही. पुण्यात २१ डिसेंबरला मध्यान्हीच्या दहा मिनिटं आधी आणि मध्यान्हीला सावलीच्या लांबीत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडतो. शिवाय सूर्य हा बिंदू नसून तबकडी आहे. त्यामुळे सावलीचं टोक एक-दीड सेंटिमीटर धूसर असतं. त्यात दोन मिलिमीटर कसे दिसणार?

यावरची युक्ती जुनी आहे. ‘सूर्यसिद्धांता’त सपाट जमिनीवर बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी काठी रोवून, भोवती वर्तुळ काढून दिशा ठरवण्याची रीत दिली आहे. आजही तीच वापरता येते.

एक मीटर उंचीची काठी उभी करायची. टोकाला बारीक छिद्र पाडलेला पुठ्ठा आडवा बसवायचा, म्हणजे धूसर टोकाऐवजी उन्हाचा छोटा ठिपका मिळतो आणि त्याचा मध्य टिपता येतो. सकाळी साडेदहाच्या सुमारास ठिपक्यावर खूण करून वेळ लिहायची. काठीच्या बुंध्याला दोरी बांधून त्या खुणेतून जाणारं वर्तुळ काढायचं. ठिपका आधी वर्तुळाच्या आत जातो आणि दुपारी पुन्हा वर्तुळावर येतो. तिथे दुसरी खूण करायची.

समजा, पुण्यात २१ डिसेंबरला पहिली खूण १०.३३ ला केली. तेव्हा सावली सुमारे १२४ सेंटिमीटर असेल. दुपारी ती पुन्हा तेवढीच होईल २.३३ ला. दोन्ही वेळांचा मध्य १२.३३, हीच मध्यान्ह. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम असते आणि तिच्या मध्यापासून बुंध्यापर्यंतची रेघ उत्तर-दक्षिण. सकाळी-दुपारी सावली भराभर बदलत असल्याने इथे चूक कमी होते.

कुठे चुकतं?

गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. त्यामुळे जागा आधी लेव्हल लावून तपासावी आणि काठी ओळंब्याने सरळ करावी. काठी उत्तर-दक्षिण दिशेत फक्त एक अंश कलली, तरी डिसेंबरमध्ये मध्यान्हीची सावली सुमारे पावणेदोन सेंटिमीटरने चुकते. चूक ओळखायची तर एकाऐवजी तीन वर्तुळं काढावीत. तिन्ही जोड्यांचे मध्यबिंदू बुंध्यातून जाणाऱ्या एकाच रेघेवर आले नाहीत, तर काठी किंवा जमीन तिरकी आहे.

ऋतू कसे दिसतात?

उत्तर-दक्षिण रेघ मिळाली की रोज ठिपका तिच्यावर येईल तेव्हा खूण करायची. पुण्यात ही सावली डिसेंबरात ९० सेंटिमीटर, तर २१ मार्चच्या सुमारास साडेतेहतीस सेंटिमीटर भरते. १३ मेच्या आसपास ती नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर सावली चक्क दक्षिणेला पडते. २१ जूनला ती दक्षिणेकडे साडेआठ सेंटिमीटर असते. जुलैच्या अखेरीस दुसरा शून्य सावलीचा दिवस येतो, पण तो बहुधा ढगांत हरवतो.

इथेही मध्यान्हीसारखीच अडचण येते. मार्चमध्ये दहा दिवसांत सावली सात-आठ सेंटिमीटर बदलते, तर डिसेंबरच्या मध्यात जेमतेम दीड. म्हणून सर्वात लांब सावलीचा दिवसही थेट सापडत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीची एक लांबी टिपून ठेवायची, जानेवारीत तीच लांबी पुन्हा कधी येते ते पाहायचं आणि दोन्ही तारखांचा मध्य काढायचा. तो २१-२२ डिसेंबरला येतो. मकरसंक्रांतीला, १४ जानेवारीला, सावली ८३ सेंटिमीटरवर आलेली असते. म्हणजे सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच उत्तरेकडे वळला, हे जमिनीवरच्या खुणांतूनच दिसतं.