७८४ ग्रॅमचे १२४ ग्रॅम

दुकानाच्या ॲपमधला स्कॅनर तपासला की अहवालात बहुधा एकच आकडा ठळक छापलेला असतो: शंभरपैकी इतके कोड वाचले. आकडा खोटा नसतो, पण त्यात एक महत्त्वाचा भेद हरवतो. कोड वाचलाच गेला नाही तर ग्राहक पाकीट वळवतो, पुन्हा धरतो, नाहीतर खालचे आकडे हाताने टाकतो. थोडा वेळ जातो, एवढेच. कोड चुकीचा वाचला गेला तर मात्र काहीच अडत नाही. बीप वाजते, बिल पुढे सरकते आणि अहवालातही त्या कोडची नोंद ‘वाचला’ अशीच होते. मंद उजेड, चुरगळलेली लेबले, पुन्हापुन्हा होणारे स्कॅन या सगळ्या चाचण्या या दुसऱ्या अपयशाभोवती रचायला हव्यात, असे माझे म्हणणे आहे.

चूक शिरते कुठून, हे कळायला बारकोडच्या घडणीत थोडे उतरावे लागते. किराणा मालावर सहसा ईएएन-१३ हा तेरा आकड्यांचा कोड असतो. शेवटचा आकडा तपासणीचा. आधीच्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची आणि ती दहाच्या पटीत नेण्यासाठी जे कमी पडते ते तेराव्या जागी लिहायचे. यामुळे एखादा आकडा चुकला तर ते हमखास पकडले जाते. पण तपासणीचा आकडा चूक दुरुस्त करत नाही, आणि दोन-तीन चुका एकदम झाल्या तर त्या एकमेकींना खाऊन टाकू शकतात. पट्ट्यांची रचनाही मोठी चतुर आहे. पहिला सोडून प्रत्येक आकड्याला दोन काळ्या पट्ट्या आणि दोन मोकळ्या जागा मिळतात, मिळून सात एकके रुंदीच्या. मानक पद्धतीत एका पट्टीच्या कडेपासून पुढच्या पट्टीच्या तशाच कडेपर्यंतचे अंतर मोजतात, त्यामुळे शाई पसरून सगळ्या पट्ट्या सारख्या जाड झाल्या तरी अंतर बदलत नाही. अपवाद दोनच जोड्यांचा. १ आणि ७ यांची अशी अंतरे सारखीच येतात, २ आणि ८ यांचीही. तिथे पट्टीची जाडीच पाहावी लागते, आणि शाई पसरली की फसगत होते ती नेमकी तिथेच.

आता सुट्ट्या भाजीच्या किंवा पनीरच्या पिशवीवरचे लेबल घ्या. २ ने सुरू होणारे कोड दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत, आणि वजनकाट्यावर छापलेल्या लेबलात बऱ्याचदा वजन किंवा किंमत कोडमध्येच असते. समजा रचना अशी: २०, मग वस्तूचा क्रमांक ००३४५, मग ग्रॅममध्ये वजन ००७८४, शेवटी तपासणी अंक ७. कोडच्या उजव्या अर्ध्यात पट्ट्या अर्ध्या एककापेक्षा जास्त जाड दिसल्या की ७ चा १ होतो आणि ८ चा २. डाव्या अर्ध्यातले आकडे या लेबलावर योगायोगाने असे आहेत की त्यांना धक्का लागत नाही. पहिली ओळ खरी, दुसरी वाचलेली:

```
2000345007847
2000345001241
```

पहिल्यात विषम जागांची बेरीज १८, सम जागांची १५. १८ अधिक ४५ म्हणजे ६३, त्यात ७ मिळवून ७०. दुसऱ्यात १२ अधिक २७ म्हणजे ३९, त्यात १ मिळवून ४०. दोन्ही नियमात बसतात, कारण तपासणी अंकही त्याच जाडीला बळी पडून ७ चा १ झाला आहे. ७८४ ग्रॅम पनीर १२४ ग्रॅमच्या भावात गेले.

हे कागदावरचे भय नव्हे. अशी लेबले छापणाऱ्या साध्या थर्मल प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा असतो. जागा वाचवायला एक एकक दोन ठिपक्यांचे ठेवले, तर तापलेल्या हेडने पट्टी एका ठिपक्याने फुगली तरी अर्धे एकक संपले. उरलेले काम मंद उजेड करतो. अंधूक जागी फोनचा कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. ते सेकंदाचा तिसावा भाग उघडे राहिले आणि हात सेकंदाला १० मिलिमीटरने हलला, तर चित्र एक तृतीयांश मिलिमीटर फरफटते. नेहमीच्या आकाराच्या कोडमध्ये एका एककाची रुंदी ०.३३ मिलिमीटरच असते. फरफट पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने झाली तर बिघडत नाही. आडवी झाली तर काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर करडा पट्टा उमटतो, आणि त्याला काळा म्हणायचे की पांढरा हे सॉफ्टवेअर ठरवते. म्हणून ‘कमी उजेडात तपासले’ या नोंदीला फारसा अर्थ नाही. किती लक्स उजेड, लेबल उभे की आडवे आणि हालचाल कोणत्या दिशेने, हे तिन्ही लिहिले तरच पुढच्या माणसाला तीच चाचणी करता येते. टॉर्च लावणे हा उपाय चकचकीत वेष्टनावर उलटतो: दिव्याची तिरीप नेमकी पट्ट्यांवर पडते.

यावर पहिला आक्षेप असा की सलग तीन फ्रेममध्ये तेच उत्तर आले तरच स्वीकारावे, म्हणजे प्रश्न मिटला. हात हलल्याने आलेल्या चुका याने बऱ्याच गळतात, कारण त्या दर फ्रेमला बदलतात. पण फुगलेली छपाई प्रत्येक फ्रेममध्ये तितकीच फुगलेली असते. तिन्ही साक्षीदार एकच खोटे सांगतात. म्हणूनच संगणकावर कोडच्या चित्रात यादृच्छिक ठिपके पेरून केलेली चाचणी फसवी आहे. जास्त तापवून छापलेली, फ्रीजमध्ये ओलावलेली, वळ्या पडलेली खरी लेबले लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चुकीचा क्रमांक दुकानाच्या यादीत सापडणारच नाही. कंपनीच्या पाकिटांबाबत हे बहुतांशी खरे आहे, यादी ही तपासणी अंकापेक्षा बळकट चाळणी ठरते. वजनाच्या लेबलाला मात्र ती लागू होत नाही, कारण वस्तूचा क्रमांक बरोबर आहे आणि कोणतेही वजन शक्य आहे. तिथे वजनासाठी वेगळा तपासणी अंक ठेवणे, एकक तीन ठिपक्यांचे करणे किंवा लेबलच क्यूआरवर नेणे, हेच मार्ग उरतात.

क्यूआरचा स्वभाव वेगळा आहे. डेन्सो वेव्हने १९९४ मध्ये आणलेल्या या कोडमध्ये चूक दुरुस्त करण्याची सोय आहे. निवडलेल्या पातळीनुसार सुमारे ७ ते ३० टक्के मजकूर खराब झाला तरी तो परत मिळतो. नुकसान त्यापलीकडे गेले की तो बहुधा गप्प बसतो, भलते सांगत नाही. पण ३० टक्क्यांच्या भरवशावर राहू नये. तीन कोपऱ्यांतल्या चौकटींपैकी एक फाटली तर कोड सापडणेच अवघड होते, मग बाकीचा मजकूर धडधाकट असला तरी. फाडण्याच्या चाचणीत किती फाडले याइतकेच कुठे फाडले हे लिहायला हवे.

पुन्हापुन्हा होणाऱ्या स्कॅनची गोष्ट वाचनापेक्षा हिशेबाची आहे. कॅमेरा सेकंदाला तीस फ्रेम देतो, म्हणजे एकच बिस्किटपुडा क्षणभर समोर धरला तरी तो अनेकदा वाचला जातो. एक सेकंदापर्यंत तोच कोड दुर्लक्षावा, हा सोपा नियम दोन्हीकडून तुटतो. पुडा दोन सेकंद समोर राहिला तर दोन मोजले जातात, आणि एकसारखे दोन पुडे झटपट दाखवले तर एकच. कोड काही फ्रेम दृष्टीआड झाल्यावरच पुढचे वाचन नवे मानणे त्याहून बरे, तरी मंद उजेडात फ्रेम मधूनमधून निसटतात आणि न हललेला पुडा ‘गेला आणि आला’ असे वाटते. त्यात नेटवर्क अडखळले, ॲपने तीच नोंद पुन्हा पाठवली, तर सर्व्हरवर दोन नग चढतात. प्रत्येक स्कॅनला स्वतःचा क्रमांक दिला तरच सर्व्हरला पुनरावृत्ती ओळखता येते. म्हणून इथे तपासायची वस्तू म्हणजे शेवटची टोपली: ठरलेल्या क्रमाने ठरलेले नग दाखवायचे आणि बिल त्याच्याशी ताडायचे.

राहिला खर्चाचा आक्षेप. तीनशे स्कॅनमध्ये एकही चुकीचे वाचन आले नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. दहा हजारांत एक असे म्हणायचे तर तीस हजार स्कॅन हवेत, आणि ते हाताने कोणी करणार नाही. पण वेगवेगळ्या लेबलांचे व्हिडिओ वेगवेगळ्या उजेडात एकदा टिपून ठेवले, प्रत्येकासोबत खरा क्रमांक नोंदवला, की ॲपच्या दर नव्या आवृत्तीला तेच व्हिडिओ रात्रीत वाचायला देता येतात. सकाळच्या अहवालात मात्र तीन रकाने असावेत: बरोबर, वाचले नाही आणि चुकीचे.